ताईला मिरेना सुचवलीय, मावशी टॅमॉक्सिफेनवर आहे. दोघींनाही बसवावी का?

निशिगंध_सातारा
घरात एकाच महिन्यात दोन रिपोर्ट आलेत आणि सगळ्यांनी मिळून त्यांची भेळ केलीय. म्हणून इथे विचारते.

ताई ४३ वर्षांची. उंची १५४ सेंमी, वजन ८४ किलो. पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. दिवाळीत सलग १८ दिवस अंगावरून जात होतं, हिमोग्लोबिन ८ वर आलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर १७ मिमी निघालं. क्युरेटिंग केलं, रिपोर्टमध्ये 'एंडोमेट्रियल हायपरप्लेझिया विदाऊट अटिपिया' असं लिहिलंय, म्हणजे अस्तर वाजवीपेक्षा जास्त वाढलंय. डॉक्टर म्हणाल्या, मिरेना, म्हणजे पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन, बसवू किंवा पिशवी काढू, तुम्ही ठरवा.

मावशी ६१ ची. तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आधी लेट्रोझोल होतं, सांधे फार दुखायचे म्हणून टॅमॉक्सिफेन २० वर आणलं. तिला काहीच त्रास नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सोनोग्राफी होती, त्यात अस्तर ११ मिमी आलं. आता मामाचं म्हणणं, "ताईला बसवताच आहात तर मावशीलाही बसवून टाका, दोघींची काळजी मिटेल." कोणाला अनुभव?

काळीमैना
माझ्या मते अजिबात बसवू नका. मी धाकट्याच्या वेळी तांबी बसवली होती, पाळीला नुसता नळ सुटायचा. आठ महिन्यांत काढून टाकली. ज्यांना आधीच एवढं जातंय त्यांना तांबी कशी सांगतात हेच कळत नाही.

रानजाई
मैनाताई, तुमची तांबी वेगळी आणि ही वेगळी. आकार तोच इंग्रजी टी, पण हिच्या दांड्यावर तांब्याची तार नसते, औषधाची नळी असते. तांबीने रक्तस्राव वाढतो, हिने कमी होतो. माझा अनुभव रात्री सविस्तर लिहिते, आता कुकर लावायचाय.

सदाशिव_पेठी
औषध शेवटी प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं. मग तेच गोळीने घ्या की! नॉरएथिस्टेरॉनची पट्टी स्वस्तात मिळते. आमच्या हिने २१ दिवस घेऊन ७ दिवस बंद, असं सहा महिने केलं, झाली बरी. आणि मिरेनाचं औषध रक्तात जातच नाही, सगळं जागच्या जागी, त्यामुळे मावशींनाही धोका नाही. मामा बरोबर सांगतायत.

स्लाइडवाली
तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली, आता निवृत्त आहे. सदाशिवराव, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे, बाकीचं अर्धवट. आधी ताईचं बघू, कारण ते सोपं आहे.

अस्तर दर महिन्याला इस्ट्रोजेनमुळे वाढतं. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन येतं, वाढ थांबते आणि पाळीतून अस्तर झडतं. ताईची पाळी दोन-दोन महिने चुकते म्हणजे बहुधा बीज सुटत नाही. शिवाय शरीरातली चरबी स्वतःच थोडं इस्ट्रोजेन बनवते. म्हणजे खत रोज पडतंय आणि कापणी होतच नाही. स्लाइडखाली ते लगेच दिसतं. एरवी ग्रंथी सुट्या सुट्या असतात, इथे त्या एकमेकींना खेटून, वेड्यावाकड्या, मधली जागा खाऊन बसलेल्या असतात. 'अटिपिया नाही' याचा अर्थ गर्दी झालीय, पण पेशींचा चेहरा अजून बिघडलेला नाही. अशा अस्तराचा पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण २० वर्षांत शंभरात पाचापेक्षाही कमी आहे. त्यामुळे फक्त या रिपोर्टवर पिशवी काढायची घाई मी तरी करणार नाही. आपल्याकडे ती फार लवकर काढतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं ते आठवत असेल.

मिरेनात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम सुटतं. ते थेट अस्तरावर पडत असल्याने तिथलं प्रमाण रक्ताच्या शेकडो पट असतं. त्या माऱ्यात अस्तरावरचे इस्ट्रोजेनचे रिसेप्टर कमी होतात. खत पडत राहतं, पण ते घ्यायला तोंडच उरत नाही. ग्रंथी सुकतात.

आता गोळ्या. नॉर्वेत एक तुलना झाली होती, २०१४ मध्ये छापून आली. सहा महिन्यांनी मिरेनाच्या गटात सगळ्यांचं अस्तर निवळलं होतं. रोज न चुकता गोळी घेणाऱ्यांतही जवळजवळ सगळ्यांचं. पण महिन्यातून दहा दिवसच गोळी घेणाऱ्यांत सुमारे ६९ टक्केच. म्हणजे गोळी चालते, मात्र रोज, खंड न पाडता. मधे सुट्टी देऊन घ्यायची पद्धत हायपरप्लेझियाला पुरत नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, आणि पहिली पसंती मिरेनाला देतात.

सदाशिव_पेठी
पण आमच्या हिचा रक्तस्राव थांबला ना!

स्लाइडवाली
थांबला, चांगलंच झालं. पण रक्तस्राव थांबणं म्हणजे अस्तर सुधारणं नव्हे. नंतर बायोप्सी केली होती का?

सदाशिव_पेठी
नाही. कोणी सांगितलीच नाही. विचारतो.

रानजाई
आले. माझं ऐका, कारण माझ्या बाबतीत नेमकं हेच फसलं होतं. रिपोर्ट ताईसारखाच होता, मिरेना बसवली. पहिले तीन-चार महिने रोज थोडं थोडं डाग. वैताग येतो, पण ते अपेक्षित असतं असं आधीच सांगितलं होतं. पाचव्या महिन्यात एकदा भरपूर गेलं, गाठी पडल्या, मग परत बारीक चालू. मला वाटलं असंच असतं. सहाव्या महिन्याच्या बायोप्सीत हायपरप्लेझिया तसाच! डॉक्टरही चकित. सोनोग्राफीत दिसलं की मिरेना घसरून पिशवीच्या तोंडात येऊन बसलीय. वरच्या अस्तराला औषध पोचतच नव्हतं. नवीन बसवली, तेव्हा दोन महिन्यांनी सोनोग्राफीने जागा तपासली. पुढच्या दोन्ही बायोप्सी स्वच्छ.

तेव्हा ताईला सांगा, डाग लागणं ठीक, पण गाठींसह जोरात गेलं किंवा मिरेनाचा दोरा हाताला अचानक लांब लागला, किंवा लागेनासा झाला, तर थांबू नका. आणि बायोप्सीसाठी मिरेना काढावी लागत नाही. बाजूने बारीक नळी घालून घेतात. कळ येते, दोन मिनिटांची.

निशिगंध_सातारा
हे फारच उपयोगी. ताई म्हणतेय सहा महिन्यांत निवळलं की काढून टाकता येईल का? तिला आत काहीतरी आहे ही कल्पनाच नको वाटते.

स्लाइडवाली
काढता येते, पण खत बंद झालेलं नसेल तर अस्तर पुन्हा त्याच वाटेने जातं. नॉर्वेच्याच बायकांचा पुढे दोन वर्षं पाठपुरावा केला. उपचार थांबवल्यावर पाचातल्या दोघींना परत झालं, मिरेनावाल्यांनाही. म्हणून त्रास नसेल तर पाच वर्षं ठेवा म्हणतात. सहा महिन्यांच्या अंतराने निदान दोन बायोप्सी लागोपाठ स्वच्छ हव्यात. ताईचा बीएमआय ३५ च्या वर जातो, तेव्हा त्यानंतरही वर्षातून एकदा बायोप्सी. वजन उतरलं तर मुळावरच घाव बसेल, पण ते बोलणं सोपं, हे मलाही माहीत आहे. अटिपिया असता तर मी हे काहीच बोलले नसते. तिथे पिशवी काढलेलीच बरी, कारण अशा बायकांत ऑपरेशननंतर कॅन्सर आधीच लपून बसलेला सापडायचं प्रमाण मोठं आहे.

कोकणकडा
आणि मावशींचं काय? माझी आई सहा वर्षांपूर्वी याच जागी होती. तिचं अस्तर १४ मिमी होतं. आम्ही घाबरून दोनदा क्युरेटिंग केलं, दोन्ही वेळा 'अपुरा नमुना, सुकलेलं अस्तर' असा रिपोर्ट. मग जाडी कसली होती?

स्लाइडवाली
तो टॅमॉक्सिफेनचा खास चकवा. हे औषध स्तनात इस्ट्रोजेनची जागा अडवतं, पण गर्भाशयात स्वतःच थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतं. अस्तराच्या खालच्या थरात बारीक बारीक पाण्याच्या पोकळ्या होतात. सोनोग्राफी त्यांनाही अस्तर समजून मोजते. वर खरवडलं तर हाती काही लागत नाही. म्हणून त्रास नसलेल्या बाईची नुसती सोनोग्राफी वारंवार करू नये असंच सांगितलं जातं. त्यातून निदानापेक्षा क्युरेटिंगच जास्त होतात. पण पाळी गेलेल्या बाईला टॅमॉक्सिफेनवर डाग जरी लागला, गुलाबी पाणी गेलं, तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. पॉलिप म्हणजे अस्तराला फुटलेला कोंब, हायपरप्लेझिया आणि कॅन्सर, तिन्हींची शक्यता वाढलेली असते. कॅन्सरचं प्रमाण तरी वर्षाला हजारात दीड-दोन बायकांच्या आसपासच आहे.

सदाशिव_पेठी
म्हणजे मिरेना बसवली की तेही टळेल. मी तेच म्हणत होतो!

स्लाइडवाली
इथेच अडतं. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांवर चाचण्या झाल्यात. मिरेनाने पॉलिप कमी होतात हे नक्की दिसलं, हायपरप्लेझियाही कमी होतो असं दिसतं. कॅन्सर टळतो का, हे सिद्ध झालेलं नाही, त्या चाचण्या तेवढ्या मोठ्या नव्हत्या. आणि रक्तात काहीच जात नाही हे खरं नाही. गोळीपेक्षा फार कमी जातं, पण जातं. स्तनाचा कॅन्सर हार्मोनवर पोसणारा असेल तर ते थोडंसं परत येण्याला हातभार लावेल का, याचं ठाम उत्तर नाही. म्हणून मिरेनाच्या माहितीपत्रकात स्तनाचा कॅन्सर हे 'वापरू नये' या यादीत आहे, आणि सरसकट सगळ्यांना बसवा असं कोणतीच मार्गदर्शक सूचना सांगत नाही. एखादीला टॅमॉक्सिफेनवर हायपरप्लेझिया झालाच, तर ऑन्कॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात. मावशींना तर काही झालेलंच नाही.

कोकणकडा
आमच्या ऑन्कॉलॉजिस्टनी एका बाईला बसवू दिली होती, दुसऱ्यांनी साफ नाही म्हटलं. दोघंही मोठे डॉक्टर.

स्लाइडवाली
होय, मतभेद आहेत. मी बसवली नसती. पण एक नक्की, मावशींनी घाबरून टॅमॉक्सिफेन स्वतःहून बंद करू नये.

निशिगंध_सातारा (आठ महिन्यांनी)
धागा वर काढते. ताईने मिरेना बसवली. पहिले ४० दिवस रोज डाग, रोज मला फोन, मी रोज रानजाईंचं वाचून दाखवायचे. मग बंद. हिमोग्लोबिन ११.४. सहा महिन्यांची बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये ग्रंथी बारीक आणि सुकलेल्या, भोवतीच्या पेशी फुगलेल्या, प्रोजेस्टिनचा परिणाम, हायपरप्लेझिया नाही. पुढची डिसेंबरात. वजन ८१.

मावशीला काही बसवलं नाही. पण गेल्या सोमवारी तिच्या परकरावर रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला. ती म्हणाली मूळव्याध असेल. मी ऐकलं नाही, बुधवारी नेलं. हिस्टेरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने पिशवीत बघताना, पॉलिप दिसला, काढला. तुकडा तपासायला गेलाय.

स्लाइडवाली
बरं केलंस नेलंस ते. रिपोर्ट आला की शब्द न् शब्द टाईप कर.