कार लोन आधी फेडू की होम लोन?

ए-३०४: नमस्कार मंडळी. एफडी मोडून सव्वाचार लाख हातात आलेत. कार लोनचे ४ लाख बाकी आहेत, ९ टक्के, अजून २४ हप्ते. होम लोनही चालू आहे, ८.५ टक्के. कार लोन एकदाचं बंद करून टाकू ना?

बी-१०२: टाका की ताई. डोक्यावरचं एक ओझं गेलं.

सी-१०१: थांबा. होम लोन फ्लोटिंग आहे आणि कारचं फिक्स्ड, असंच ना? कारच्या ॲग्रीमेंटमध्ये फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी लोन बंद करायचा दंड, किती लिहिलाय, तेवढं बघून सांगा.

ए-३०४: काका, बाकी मुद्दलावर ५ टक्के. खाली बारीक अक्षरात अधिक जीएसटी.

सी-१०१: म्हणजे २०,००० आणि त्यावर १८ टक्क्यांनी ३,६००. झाले २३,६००. आणि पुढच्या २४ हप्त्यांत मिळून व्याज जायचंय साधारण ३८,६००, कारण मुद्दल दरमहा उतरतंच आहे. वाचले जेमतेम १५,०००. तेच पैसे होम लोनमध्ये भरा, तिथे दंड शून्य. दोन्ही व्याजदरांत फरक अर्ध्या टक्क्याचा. तो वाचवायला ५.९ टक्के आधीच मोजायचे? दोन वर्षांत काही वसूल होत नाही.

डी-२०५: पण काका, मला शाखेत होम लोनलाही २ टक्के सांगितले होते.

सी-१०१: फ्लोटिंग असेल तर लेखी मागा, मग बोलणं बदलेल 😀 २०१२ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना फ्लोटिंग होम लोनवर हा चार्ज घ्यायला बंदी केली. २०१४ मध्ये वैयक्तिक कर्जदारांच्या बाकी फ्लोटिंग मुदत कर्जांनाही ती लागू झाली. पैसे तुमचे असोत की दुसऱ्या बँकेत लोन ट्रान्सफर करून आलेले, फरक पडत नाही.

बी-१०२: मग फिक्स्डवाल्यांनीच काय घोडं मारलंय?

सी-१०१: फिक्स्डमध्ये दर चढला तर तो सोसते बँक, तुमचा हप्ता तोच. दर उतरला की मात्र सगळे लोन बंद करून स्वस्तात दुसरीकडे जाणार. त्याची भरपाई म्हणून चार्ज. फ्लोटिंगमध्ये दराची जोखीम तुम्हीच घेता, मग वर दंड कशाला?



डी-२०५: आमचं पहिली ३ वर्षं फिक्स्ड, मग फ्लोटिंग. गेल्याच महिन्यात मंजूर झालंय.

सी-१०१: मग रिझर्व्ह बँकेचे २०२५ चे नवे नियम तुम्हाला लागू. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या कर्जांना ते आहेत. ज्या दिवशी भराल त्या दिवशी दर कोणता चालू आहे, ते बघतात. शिवाय केएफएसमध्ये, म्हणजे लोनच्या मुख्य अटी आणि चार्ज लिहिलेल्या कागदात, नसेल तो चार्ज त्यांना घेताच येत नाही. तो कागद जपून ठेवा.

ए-३०४: ठरलं, होम लोनमध्येच भरते. हप्ता कमी करून घेऊ?

सी-१०१: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. आणि तसं अर्जात लिहून द्या, नाहीतर ते आपल्या मनाने ठरवतात.