जमेच्या रकान्याची बेरीज शून्य येते तेव्हा

(नागपूर, मनीषनगर भागातील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रविवारी सकाळी झालेली चर्चा)

खजिनदार, बी-१०१: सर्वांना नमस्कार. एप्रिल महिन्याचे बँकेचे विवरण पीडीएफ स्वरूपात आले होते, ते मी काल एक्सेलमध्ये रूपांतरित करून घेतले आणि जमेच्या ३४ नोंदी D2 पासून D35 पर्यंत वेगळ्या काढल्या. रकाना डोळ्यांना अगदी व्यवस्थित दिसतो, परंतु खाली बेरजेचे सूत्र लिहिले की उत्तर शून्य येते. सर्व आकडे घराच्या डाव्या कडेला चिकटून बसले आहेत. त्यांना उजवीकडे सरकवले, तरी बेरीज शून्यच राहिली. शेवटी पहिल्या चार नोंदी मी हाताने पुन्हा लिहिल्या, तेव्हा बेरीज १०,००० झाली. उरलेल्या तीसही हाताने लिहायच्या का, हे कृपया कोणीतरी सांगावे. संध्याकाळी गच्चीवरच्या बैठकीत हिशेब मांडायचा आहे.

ए-२०२: काका, पूर्ण रकाना निवडून वर `Number` हे स्वरूप निवडून पाहिले का? माझ्या कार्यालयात आम्ही तसेच करतो.

खजिनदार, बी-१०१: होय दादा, तेही केले. काहीच फरक पडला नाही.

सी-२०३: काका, कृपया आता हाताने काही लिहू नका. मी हिशेबाच्याच कामात आहे आणि असे विवरण दर महिन्याला हाताळते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आकडा डावीकडे बसणे ही सजावटीची चूक नसून एक्सेलने दिलेली सूचना आहे. ज्या मजकुराला एक्सेल संख्या मानतो तो आपोआप उजवीकडे बसतो आणि ज्याला तो केवळ अक्षरे मानतो तो डावीकडे. म्हणून तुम्ही उजवीकडे सरकवल्यावर संख्या तयार झाली नाही, फक्त ती सूचना झाकली गेली. `Number` स्वरूपाचेही तसेच आहे. ते संख्या कशी दाखवायची एवढेच ठरवते, घरात आधीच बसलेल्या अक्षरांची संख्या करत नाही. आणि `SUM` हे सूत्र रकान्यातील अक्षरे तक्रार न करता वगळते, त्यामुळे चूक झाल्याचा कोणताही संदेश न येता सरळ शून्य दिसते.

खरे तर शून्य दिसले हे बरे झाले. चार नोंदी लिहिल्यावर जे १०,००० आले ते मला अधिक धोक्याचे वाटते, कारण काही घरे संख्या आणि काही अक्षरे अशी मिसळ झाली की बेरीज खरी वाटेल अशी येते आणि ती अपुरी असते. म्हणून बेरजेआधी ही दोन सूत्रे शेजारी लिहावीत:

```
=COUNTA(D2:D35)
=COUNT(D2:D35)
```

पहिले सूत्र भरलेली घरे मोजते आणि दुसरे फक्त संख्या असलेली घरे. तुमच्याकडे पहिले ३४ आणि दुसरे ४ दाखवेल. हे दोन आकडे सारखे होईपर्यंत बेरजेकडे पाहूच नये.

खजिनदार, बी-१०१: अगदी तसेच आले, ३४ आणि ४. परंतु घरात तर स्पष्ट २,५००.०० लिहिलेले दिसते. यात अक्षर कुठून आले?

सी-२०३: ते दिसत नाही, म्हणूनच त्रास होतो. हाताने न लिहिलेले कोणतेही एक घर घ्या, समजा D10, आणि ही दोन सूत्रे बाजूला लिहा:

```
=LEN(D10)
=UNICODE(RIGHT(D10,1))
```

२,५००.०० मध्ये स्वल्पविराम आणि दशांशचिन्ह धरून आठ चिन्हे आहेत. पहिल्या सूत्राचे उत्तर आठपेक्षा अधिक आले, तर मागे काहीतरी लपलेले आहे. ते काय आहे हे दुसरे सूत्र सांगेल.

खजिनदार, बी-१०१: पहिल्याचे ९ आले आणि दुसऱ्याचे १६०.

सी-२०३: मग नेमके सापडले. १६० हा न तुटणाऱ्या रिकाम्या जागेचा क्रमांक आहे. आपण कळफलकावरची लांब पट्टी दाबतो त्या साध्या रिकाम्या जागेचा क्रमांक ३२ असतो. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण एक्सेलसाठी ती दोन वेगळी चिन्हे आहेत. पीडीएफमध्ये आपल्याला रकाने दिसत असले तरी आत बहुधा फक्त कोणते चिन्ह पानावर कुठे छापायचे याची नोंद असते. रूपांतर करणारा प्रोग्राम त्या जागांवरून रकान्यांचा अंदाज बांधतो आणि अशा कामात आकड्याच्या शेपटाला ही रिकामी जागा लागून येते. एक परके चिन्ह चिकटले की एक्सेल पूर्ण घराला अक्षरे ठरवतो.

ए-२०२: ताई, मग `TRIM` वापरून चालेल ना? रिकाम्या जागा काढण्यासाठीच ते सूत्र आहे.

सी-२०३: नाही दादा, आणि पुष्कळ लोक नेमके इथेच अडकतात. `TRIM` फक्त ३२ क्रमांकाची जागा काढते, १६० ला हात लावत नाही. रिकाम्या घरात १ लिहून त्याने पूर्ण रकान्याला गुणण्याची जी युक्ती सांगतात, तीही इथे चालत नाही. आकडा स्वच्छ असून केवळ अक्षर म्हणून साठवला गेला असेल, तेव्हा ती उपयोगी पडते. तशा घराच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा हिरवा त्रिकोणही दिसतो. काका, तुमच्या घरांत तो दिसतो का?

खजिनदार, बी-१०१: नाही, एकाही घरात नाही.

सी-२०३: तेही जुळले; मागे १६० लागलेला मजकूर एक्सेलला संख्येसारखा वाटतच नाही, म्हणून तो सावधही करत नाही. आता शेजारच्या रिकाम्या E रकान्यात E2 मध्ये हे लिहा आणि E35 पर्यंत खाली ओढा:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,UNICHAR(160),""),",",""))
```

आतले सूत्र १६० काढते, त्याबाहेरचे स्वल्पविराम काढते आणि `VALUE` उरलेल्या अंकांची संख्या करते. स्वल्पविराम मी मुद्दाम काढते, म्हणजे लाखाच्या आकड्यातील आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम संगणकाच्या मांडणीशी जुळतात की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

खजिनदार, बी-१०१: आकडे उजवीकडे आले! फक्त E19 मध्ये `#VALUE!` असे आले आहे आणि त्यामुळे खालची बेरीजही तेच दाखवते.

ए-२०२: काका, सूत्राभोवती `IFERROR` लावा आणि चूक आल्यास शून्य घ्या, म्हणजे बेरीज लगेच येईल.

सी-२०३: दादा, कृपया तसे करू नका. बेरीज लगेच येईल, पण ती चुकीची येईल आणि ती चूक पुन्हा कोणाला दिसणार नाही. E19 मध्ये कोणाचे तरी पैसे आहेत. तिथे शून्य बसवले, तर देखभाल शुल्क भरलेल्या रहिवाशाचे नाव थकबाकीदारांच्या यादीत लागेल. काका, D19 वर जाऊन वरच्या सूत्रपट्टीत नीट पाहा आणि त्याचे `LEN` सांगा.

खजिनदार, बी-१०१: सूत्रपट्टीत ७,५००.० दिसते आणि ती पट्टी खाली ओढून मोठी केली तेव्हा शेवटचे शून्य दुसऱ्या ओळीवर सापडले. `LEN` १० आहे. ही सी-३०४ यांनी तीन महिन्यांची एकत्र भरलेली रक्कम आहे.

सी-२०३: म्हणजे मोजणी पूर्ण जुळली. आठ चिन्हे आकड्याची, एक १६० आणि एक ओळ तोडणारे चिन्ह, ज्याचा क्रमांक १० आहे. मूळ विवरणात तो आकडा रकान्याच्या कडेवर तुटला असावा आणि प्रोग्रामने तो तसाच दोन ओळींत उचलला. हे चिन्ह `CLEAN` काढते. ते ० ते ३१ क्रमांकांची अदृश्य चिन्हे काढते, १६० मात्र काढत नाही. म्हणून दोन्ही उपाय एकत्र हवेत:

```
=VALUE(CLEAN(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,UNICHAR(160),""),",","")))
```

हे E2 मध्ये लिहून पुन्हा E35 पर्यंत ओढा आणि E19 मध्ये आलेला आकडा मूळ पीडीएफशी डोळ्यांनी ताडून पाहा, कारण तुटलेला आकडा जोडताना शेवटचा अंक शेजारच्या ओळीतून तर आला नाही ना, हे सूत्राला कळत नाही.

खजिनदार, बी-१०१: ताडून पाहिले, ७,५०० बरोबर आहे. आता `COUNT` ३४ आणि बेरीज ९०,००० आली.

सी-२०३: तेहतीस नोंदी २,५०० च्या म्हणजे ८२,५००, त्यात ७,५०० मिळवले की ९०,०००. `IFERROR` लावले असते तर आपण ८२,५०० वर समाधान मानले असते. आता E रकाना निवडून त्याची नक्कल करा, त्याच जागी `Paste Special` मधून `Values` निवडून चिकटवा आणि मगच जुना D रकाना काढा. हा क्रम उलटा केला, तर सूत्रांचा आधारच जाईल आणि सर्व घरांत `#REF!` दिसेल.

बी-३०२: ताई, मी माझ्या घरखर्चाच्या फाइलवर हे करून पाहिले, तर उत्तराऐवजी सूत्रच जसेच्या तसे दिसते.

सी-२०३: काकू, तुमचा नवा रकाना `Text` स्वरूपाचा असणार. अशा रकान्यात जे लिहावे ते एक्सेल अक्षरेच मानतो, सूत्रसुद्धा. आधी स्वरूप `General` करा, नंतर त्या घरात `F2` आणि एंटर दाबा, उत्तर दिसेल.

सचिव, ए-४०१: खर्चाच्या रकान्यालाही हेच सूत्र लावायचे का? काकांना सूत्रांचा कंटाळा येतो, याहून सोपे काही आहे का?

सी-२०३: आहे. घरातील आकड्याच्या शेवटी असलेली ती एक अदृश्य जागा सूत्रपट्टीतून निवडून तिची नक्कल करावी, खर्चाचा रकाना निवडून `Ctrl+H` दाबावे, वरच्या चौकटीत ती चिकटवावी, खालची चौकट पूर्ण रिकामी ठेवावी आणि `Replace All` म्हणावे. रकान्याचे स्वरूप `General` असेल, तर आकडे आपोआप उजवीकडे सरकतात. जे सरकणार नाहीत त्यांच्याकडे एकेक करून पाहावे लागेल. म्हणून या कामापूर्वी रकान्याला हाताने डावी, उजवी किंवा मधली मांडणी देऊ नये, दिली असल्यास काढून टाकावी. एरवी कोणते घर मागे राहिले हे डोळ्यांना कळत नाही.

खजिनदार, बी-१०१: खर्चाचा रकाना याच पद्धतीने केला, सर्व आकडे उजवीकडे आले आणि `COUNT` व `COUNTA` सारखे आहेत. खर्चाची बेरीज ४१,२६० आहे. आरंभीची शिल्लक १,१८,४५०, त्यात ९०,००० जमा, वजा ४१,२६०, म्हणजे १,६७,१९०. पीडीएफच्या शेवटच्या ओळीत बँकेने हीच शिल्लक दिली आहे. सी-३०४ यांच्या नावे जून महिन्यापर्यंतची नोंद केली असून पावती आज संध्याकाळी बैठकीत देतो.