‘क्लोज’ म्हणजे गाळलेल्या जागाच ना?

सिन्नर: आठवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजीची क्लोज टेस्ट काढायची आहे. मराठीत तिला काय म्हणावं? तोच उतारा श्रुतलेखनाला चालेल का?

पंचवटी: ‘गाळलेल्या जागा’च म्हणा, मुलांना लगेच कळतं. प्रत्येक वाक्यातला महत्त्वाचा शब्द गाळा, वर चौकटीत पर्याय द्या.

गंगापूर रोड: नाव चालेल, पण चौकट आली की मूल पर्याय जुळवत बसतं. टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या क्लोजमध्ये सलग उताऱ्यातून ठरावीक अंतराने शब्द काढतात आणि मूल संदर्भावरून तो भरतं. पहिलं वाक्य अखंड ठेवतात. पुढची वाक्यं अशी घ्या: ‘ही हॅज अ स्मॉल ग्रेप फार्म निअर निफाड. एव्हरी मॉर्निंग ही गोज टू द मार्केट.’ ‘ही’पासून मोजून दर सातवा शब्द गाळला, तर ‘निअर’ आणि ‘द’ जातात. दोन्ही कामाचे. मोजणी एक शब्द पुढून सुरू केली, तर ‘निफाड’ जातं, आणि गावाचं नाव संदर्भावरून कुणालाच सुचणार नाही. म्हणून आकड्याला चिकटून राहू नका, अशी जागा एक शब्द सरकवा. ‘निअर’च्या जागी ‘इन’ लिहिलं तरी वर्गात गुण द्यावेत. मान्य उत्तरांची यादी मात्र तपासण्याआधीच करा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या वहीला वेगळा न्याय मिळतो.

निफाड: आमच्याकडे मुलं शुद्धलेखनात ‘ग्रेप’चं स्पेलिंगच चुकवतात. दहा-दहा वेळा लिहून घ्यावं का?

गंगापूर रोड: तो स्पेलिंगचा प्रश्न झाला. श्रुतलेखनात खरी गळती ‘द’ची होते. मराठीत आर्टिकल नाही आणि बोलताना ‘द’ अगदी हलका येतो, त्यामुळे वहीत ‘ही गोज टू मार्केट’ उतरतं. आधी सगळं नेहमीच्या वेगाने वाचा, मग ‘एव्हरी मॉर्निंग / ही गोज / टू द मार्केट’ असे तुकडे करून थांबत, शेवटी पुन्हा सलग. थांबताना तुकडा मनात अक्षर-अक्षर लिहून पाहा, तेवढा वेळ पुरतो. ‘टू… दी… मार्केट’ असं सुटं वाचलंत, तर ऐकण्याची परीक्षा उरत नाही.

सिन्नर: मग ‘द’ ऐकू आला नाही की माहीतच नाही, हे कसं ओळखायचं?

गंगापूर रोड: क्लोजमध्ये भरला पण श्रुतलेखनात सुटला, तर बहुधा कान कमी पडतो. दोन्हीकडे सुटला, तर वापरच माहीत नाही. त्यासाठी ‘द’च्या पाच-सहा जागा तरी हव्यात, एका जागेवरून निदान करू नका.

पंचवटी: पण उतारा तोच ठेवला, तर दुसऱ्या वेळी मूल आठवणीनेच लिहील.

गंगापूर रोड: खरंय. त्याच रचनेची वाक्यं नव्या शब्दांत घ्या: ‘शी वॉक्स टू द स्टेशन.’

पंचवटी: मग अवघडपणा सारखा राहिला, हे कशावरून? मी तर उतारा तोच ठेवून मध्ये तीन आठवडे जाऊ देईन.