प्रतिसाद: दोघंही 'हो' म्हणतायत म्हणून केस घ्यायची का?

> "नवरा-बायको दोघंही मीडिएशनला तयार आहेत, मग आधी वेगळं कशाला भेटायचं?"

ताई, तो 'हो' कुणासमोर म्हटलाय ते बघा आधी. कोल्हापुरात मी मीडिएशन करतो, पहिली भेट नेहमी वेगवेगळी घेतो, आणि बाईसोबत सासू किंवा दीर आला असेल तर त्यांना बाहेर बसवतो. 'मारतात का' असं थेट विचारलं की बहुतेक वेळा 'नाही' येतं, म्हणून मी विचारतो, आज तुम्ही नाही म्हणालात तर घरी गेल्यावर काय होईल? एकीनं सांगितलं, मोबाईल काढून घेतील, पोराला गावाकडं धाडतील. दोघांसमोर मात्र ती पोटगी नको, दागिने नको, सगळ्याला हो म्हणत होती, तेही नवऱ्याकडं बघून. एकदाच्या भांडणातला राग वेगळा, ही कायमची धास्ती, अशात समोरासमोर बसवून केलेली तडजोड तिची नसतेच.

मग केस कोर्टाकडं परत, रिपोर्टमध्ये फक्त तडजोड झाली नाही एवढंच, कारण तिनं काय सांगितलं ते नवऱ्याला कळलं तर घरी तिलाच भोगावं लागतं. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याची माहिती तोंडी द्यायची, कागद पिशवीत सापडतो, आणि दोघांना एकाच वेळी बाहेर सोडायचं नाही, ती आधी रिक्षात बसूदे.