मृणालसाठी कुकर: कुठला, केवढा, कुठल्या झाकणाचा

मृणाल (जर्मनी): ताई, आई पुढच्या महिन्यात येतेय तर कुकर मागवते. इथे आहे तो फारच लहान, पातेल्यात डाळ शिजवून कंटाळा आला. कुठला सांगू?

ताई (सांगली): आधी एक सांग, तुझी शेगडी कसली आहे? काचेखाली लाल वर्तुळ पेटलेलं दिसतं का?

मृणाल: नाही गं, लाल काही दिसत नाही. भांडं उचललं की आपोआप बंद होते.

ताई: मग इंडक्शन. म्हणजे साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर बाद. त्याचा तळ इंडक्शनला कळतच नाही, भांडं ठेवलं तरी शेगडी तापत नाही. आपल्या दादाने पुण्याहून असाच एक नेला होता, दुकानदाराने "चालेल हो" म्हणून गळ्यात मारला, आणि तो दोन वर्षं तिथे कपाटावर शोभेला होता. म्हणून काकू, लेकीसाठी कुकर घ्यायला दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये टाका. कुकर उलटा करून तळाला लावा. घट्ट चिकटलं तर घ्या. डब्यावरच्या छपाईपेक्षा माझा चुंबकावर जास्त विश्वास.

काकू: आमच्या हॉकिन्सला पंचवीस वर्षं झाली, तोच नेऊ का नवीन घेऊन? आतल्या झाकणाचा.

ताई: हॉकिन्स चांगलाच आहे काकू, त्यांचा स्टीलचा इंडक्शनवर चालतो. आत वाफ असली की झाकण आतूनच घट्ट दाबलेलं राहतं, उघडतच नाही, हा मोठा गुण. पण मृणाल रोज वरणभात लावणार, तेही डब्यांत. आतल्या झाकणाच्या कुकरचं तोंड पोटापेक्षा लहान असतं, त्यामुळे डबे तोंडातून जातील तेवढेच घ्यावे लागतात. शिवाय ते झाकण तिरकं करून आत सरकवायची सवय लागते. मृणालला ती कधीच नव्हती, आठवतंय ना 😄

मृणाल: 🙄

ताई: म्हणून माझं मत: प्रेस्टिजचा डिलक्स अल्फा, स्टीलचा, बाहेरच्या झाकणाचा, 5 लिटर. तोंड पूर्ण उघडं, डबा सरळ खाली जातो.

आत्या: दोघांना 5 लिटर कशाला? 3 पुरे की.

ताई: आत्या, नुसता भात किंवा नुसती डाळ असती तर 3 पुरला असता. काल मी घरचे दोन डबे पिशवीत घालून गणपती पेठेत गेले. 3 लिटरमध्ये खालचा डबा नीट बसला, वरचा ठेवल्यावर तो काठाच्या वर आला, झाकण फिरेचना. 5 लिटरमध्ये दोन्ही बसून वर दोन बोटं जागा राहिली. वाफेला ती जागा लागते. दुकानदार हसत होता, हसू दे. काकू, तुम्हीही डबे घेऊनच जा.

आणखी एक, डबे न वापरता डाळ थेट कुकरात लावलीस तर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नकोस. डाळीला फेस येतो, तो वाफेच्या नळीत अडकतो. झाकण लावायच्या आधी नळीतून उजेडाकडे बघायचं, आरपार दिसलं पाहिजे.

मृणाल: शिट्ट्या किती करायच्या? मैत्रीण म्हणते इंडक्शनवर शिट्टीचा हिशेब चुकतो.

ताई: खरं आहे. गॅसवर आपण "चार शिट्ट्या" म्हणतो ते आपल्या ज्योतीच्या मापाने. इंडक्शनवर आच मोठी ठेवलीस तर धडाधड वाजतील, कमी केलीस तर वाजणारच नाहीत. पहिली शिट्टी झाली की आच बारीक कर आणि घड्याळ लाव. भिजवलेली तूरडाळ आणि भात डब्यांत असेल तर बारा मिनिटं. मग बंद करून झाकणाला हात लावू नकोस, वाफ आपोआप उतरू दे, डाळ त्यातच मऊ होते. कुकरच्या तळात दोन वाट्या पाणी विसरू नकोस. कोरडा तापला तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो.

काकू: रिंगा?

ताई: हां, बाहेरच्या झाकणाची खोड हीच. रिंग सैल झाली की कडेने फुसफुस वाफ, शिट्टी येतच नाही आणि आपण आच वाढवत बसतो. दोन जादा रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह घ्याच. रिंग त्याच कंपनीची आणि त्याच मापाची, "कुठलीही बसते" म्हणणाऱ्याकडून नको.

भरताना कुकर मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नको. झाकण वेगळं, शिट्टी आणि रिंगा रुमालात बांधून आत. पोटात मृणालचे लोकरीचे मोजे कोंबा, जागाही वाचते आणि पोचाही पडत नाही.

दादा: कपाटावरचा माझा तो अजून आहे. कोणाला हवा?

आत्या: मला दे, माझ्याकडे गॅसच आहे.