मदत हवी आहे: लांब ड्रायव्हिंगमध्ये कंबर धरते, उशी घेतल्यावर त्रास आणखी वाढला

रानजाई

नमस्कार मंडळी. आई दुसऱ्या गावी एकटी असते. महिन्यातून एकदा तरी मी गाडी चालवत तिच्याकडे जाते. अंतर साधारण ३२० किलोमीटर, थांबे धरून साडेसहा तास लागतात. गाडी छोटी, हाताने गिअर टाकायची. सीट वर-खाली होते. स्टिअरिंगही वर-खाली होतं, पण पुढे-मागे होत नाही. माझं वय ४३, उंची ५ फूट २ इंच.

पहिला तास काही वाटत नाही. दीड तास झाला की बेल्ट बांधतो त्या रेषेत दुखायला लागतं, डावीकडे जास्त. उतरल्यावर लगेच सरळ होता येत नाही, दहा-बारा पावलं वाकूनच चालावं लागतं. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं मोकळं होतं. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले आणि व्यायाम सांगितले. ते मी करते.

मला न सुटलेलं कोडं असं की ऑफिसात आठ तास खुर्चीत बसते तेव्हा काहीच होत नाही. मागच्या महिन्यात कंबरेला आधार देणारी जाड फोमची उशी आणली, तर दीड तासाऐवजी पाऊण तासातच कंबर धरली. जाणं बंद करता येणार नाही. सीट कशी लावू, उशी ठेवू की काढू, आणि किती वेळाने थांबू, हे कुणी नीट सांगेल का?

दर्यासारंग

ताई, मी वीस वर्षं फिरतीवर आहे. दोन गोष्टी सांगतो. सीटची पाठ एकदम ताठ करा, काटकोनात. आणि कंबरपट्टा बांधून चालवा, मी तसंच करतो. दर दोन तासांनी उतरायचंच, कितीही घाई असली तरी. जाड उशीच्या मी विरोधात आहे.

पायवाट

गाडी बदलणार असाल तर ऑटोमॅटिकच घ्या. उंच गाड्यांमध्ये चढ-उतार सोपी पडते. बजेट सांगितलंत तर दोन-तीन नावं सुचवतो.

रानजाई

पायवाट, धन्यवाद, पण गाडी सध्या हीच राहणार आहे. याच सीटवर काय करता येईल ते हवंय.

समईवात

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगण्याआधी चार प्रश्न. दुसरं कुणी चालवत असताना तुम्ही शेजारी बसलात तर दुखतं का? क्लच पूर्ण दाबल्यावर डावा गुडघा सरळ होतो का, आणि डावं कुल्लं पुढे सरकतं का? उशीची वरची कड पाठीवर कुठे येते? आणि निघताना लावलेला मधला आरसा तासाभराने परत हलवावा लागतो का?

रानजाई

नवरा चालवतो तेव्हा शेजारी बसून सगळा रस्ता जाते, कंबर जरा आखडते, पण एवढं नाही. क्लच दाबताना पाय जवळजवळ सरळ होतो आणि हो, मी थोडी पुढे ओढली जाते. शिकताना सांगितलं होतं की स्टिअरिंगपासून लांब बसा, म्हणून सीट मागे ठेवायची सवय आहे. उशीची कड खांद्याच्या फऱ्यांच्या जरा खाली येते. आरशाचं तुम्ही कसं ओळखलंत? तासाभराने तो मला खाली वळवावाच लागतो. मला वाटायचं, खड्ड्यांमुळे हलतो.

समईवात

आरसा हलत नाही, तुमचे डोळे खाली येतात. तासाभरात तुम्ही सीटवर पुढे घसरता, कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि उंची एक-दोन इंचांनी उतरते. तुमच्या दुखण्याचं मूळ मला इथेच दिसतं.

ऑफिसात तुमचे पाय जमिनीवर टेकलेले असतात, ते धड धरून ठेवायला मदत करतात. गाडीत दोन्ही पाय कामात गुंतलेले. त्यात क्लच लांब असला की प्रत्येक वेळी डावा पाय कमरेचं हाड मागे फिरवतो. दुखणं डावीकडे जास्त आणि शेजारी बसल्यावर जवळजवळ नाही, म्हणून मला क्लचवरच संशय आहे. गाडीचे हादरे वेगळे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या कंपनाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो, आणि गाडीच्या सीटमधून त्याच पट्ट्यातलं बरंच कंपन येतं.

सीट लावताना क्रम महत्त्वाचा, कारण एक गोष्ट हलवली की दुसरी बदलते. आधी उशी काढून टाका. कुल्ले सीट आणि पाठ यांच्या फटीत पार मागे न्या. मग उंची: गुडघे कंबरेपेक्षा वर येता कामा नयेत. त्यानंतर क्लच तळापर्यंत दाबून सीट एकेक खाच पुढे घ्या. पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला आणि कुल्लं हललं नाही, की थांबा. मग पाठ. काटकोनात नको, १०० ते ११० अंशांच्या आसपास, म्हणजे किंचित मागे. ताठ सीटवर सगळा भार कंबरेच्या स्नायूंवर येतो, मागे कललेल्या सीटवर थोडा भार पाठीकडे जातो. शेवटी खांदे टेकलेले ठेवून हात पुढे करा: मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. तुमची उंची पाहता सीट बरीच पुढे येईल, म्हणून छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटीमीटर अंतर राहतं का ते मोजा, एअरबॅगसाठी. कमी पडलं तर पाठ अजून जरा कलवा आणि सीट वर घ्या. क्लच लांब करू नका.

तुमच्या उशीने बहुधा असं केलं: ती जाड, शिवाय जागा चुकलेली, म्हणून धड पुढे ढकललं गेलं. तुम्हाला स्टिअरिंग जवळ वाटलं, तुम्ही सीट मागे नेली आणि क्लच आणखी लांब गेला. बरोबर आहे का?

रानजाई

अगदी बरोबर! उशी लावल्यावर मी सीट दोन खाचा मागे घेतली होती. मग आधार द्यायचाच नाही का?

समईवात

द्यायचा, पण सगळ्यात शेवटी आणि थोडासा. हात पुसायचा छोटा टॉवेल घेऊन सैल गुंडाळी करा आणि दोरीने सीटला बांधा म्हणजे घसरणार नाही. ती बेल्टच्या रेषेत किंवा बोटभर वर आली पाहिजे. बसल्यावर दबून तीन-चार सेंटीमीटर उरली तर पुरे. वीस मिनिटांनीही "मागे काहीतरी आहे" असं जाणवत राहिलं, तर ती जाड आहे किंवा वर गेली आहे. एक घडी कमी करा. गुंडाळीने धड पुढे आलं असेल तर २५ सेंटीमीटर पुन्हा मोजा.

मोरपंखी

माझ्या यजमानांनाही हेच होतं. पण त्यांना डाव्या पोटरीपर्यंत कळ जाते आणि हल्ली चप्पल पायातून निसटते. त्यांनाही टॉवेल लावू का?

समईवात

मोरपंखी, हे रानजाईंसारखं नाही. कळ गुडघ्याखाली जाणं आणि पाऊल नीट न उचललं जाणं ही नसेवर दाब असल्याची खूण असू शकते. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, तोवर लांबचं ड्रायव्हिंग नको. दोन्ही मांड्यांच्या मधे, बसताना टेकते त्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या, मग रात्र असो की दिवस.

दर्यासारंग

काटकोनाचं मला पटलं. उद्याच करून बघतो. पण पट्ट्याने मला खरंच बरं वाटतं, ते कसं खोटं म्हणू?

समईवात

खोटं म्हणत नाही. कुणाला पट्ट्याने घसरणं कमी होतं, कुणाला धीर येतो. पण तो सीटची चूक झाकतो, म्हणून आधी सीट. त्यानंतरही हवासा वाटला तर बांधा.

थांबण्याबद्दल: दोन तासांचा नियम थकवा आणि झोप यांसाठी चांगला आहे, पण रानजाईंची कंबर दीड तासाला बोलते. दुखल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो. म्हणून त्यांनी सव्वा तासाने थांबावं. उतरण्याआधी सीट मागे न्या, दोन्ही पाय एकत्र बाहेर काढा आणि मग उभ्या राहा. तीन-चार मिनिटं चाला. नंतर हात कमरेवर ठेवून हळूच मागे वाका, पाच-सहा वेळा. त्याने पायात कळ गेली तर लगेच बंद. लगेच वाकून बोटं पायाला लावू नका, बसून बसून कमरेचे बंध आधीच ताणलेले असतात. त्याच कारणाने पोहोचल्या पोहोचल्या डिकीतून जड पिशवी काढू नका. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर काढा.

रानजाई

(तीन आठवड्यांनी)

काल परत आले, म्हणून लिहितेय. सीट चार खाचा पुढे आली. पहिली दहा मिनिटं फार जवळ बसल्यासारखं वाटलं, पण छातीपासून मोजलं तर २७ सेंटीमीटर भरलं. टॉवेलची गुंडाळी पहिल्यांदा जाड झाली होती, अर्ध्या तासात काढून एक घडी कमी केली. मग विसरूनच गेले की ती मागे आहे. जाताना तीन थांबे घेतले. आरसा फक्त एकदाच हलवावा लागला, तोही शेवटच्या टप्प्यात, आणि आईकडे उतरले तेव्हा सरळ उभी राहिले. आईने दारातूनच विचारलं, आज कशी गं नीट चालतेस?

येताना मात्र शेवटचा तास त्रास झालाच. तो रस्ता खराब आहे. डावीकडचं दुखणं नव्हतं, मधोमध आखडल्यासारखं होतं.

दर्यासारंग

टायरमधली हवा बघा. जास्त भरलेली असली तर प्रत्येक खड्डा थेट सीटवर येतो. गाडी थंड असताना तपासा, आणि दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच ठेवा. शॉक ॲब्सॉर्बर किती जुने आहेत?

रानजाई

काका, मूळचेच आहेत, गाडी नऊ वर्षांची. हवा उद्या बघते. आणखी एक अडचण: नवरा गाडी नेतो आणि सीट मागे सारतो. परत लावताना मला जागा सापडत नाही.

समईवात

सीट पार पुढे न्या आणि तिथून तुमच्या जागेपर्यंत किती खटके मागे येतात ते मोजून ठेवा. पाठीच्या कलासाठी बाजूला पेनाने खूण करा. खराब रस्त्याच्या तासाआधी एक थांबा वाढवून पाहा. मधोमधचं दुखणं हादऱ्यांचं की नुसत्या थकव्याचं, हे मला इथून सांगता येणार नाही. दोन फेऱ्यांनंतर कळवा.

रानजाई

पाच खटके. आत्ताच खाली जाऊन मोजून आले.