डेमोतली वाक्यं कोणी निवडली?

‘डेमो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, आता शंका कसली?’

शंका तिथेच घ्यावी. जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएमने साठेक रशियन वाक्यांचं यंत्राकडून इंग्रजी करून दाखवलं. फसवणूक नव्हती हो, पण यंत्राला शब्द माहीत होते २५०, व्याकरणाचे नियम ६, आणि वाक्यं त्यात बसतील अशीच बेतलेली. तीन ते पाच वर्षांत काम फत्ते, असं तेव्हा बोललं गेलं. शब्दसाठा वाढवला तसे एकेका शब्दाचे चार-चार अर्थ आडवे आले. शेवटी अमेरिकी सरकारने नेमलेल्या अल्पॅक समितीच्या १९६६ च्या अहवालाने यंत्राचं भाषांतर माणसापेक्षा हळू, कमी अचूक आणि दुप्पट महाग ठरवलं, आणि अमेरिकेतला सरकारी पैसा आटला.

आमच्या फोर्टच्या ऑफिसात मराठी तक्रारींची वर्गवारी करणारं सॉफ्टवेअर दाखवायला एक कंपनी आली होती. त्यांच्या नमुन्यांवर झकास चाललं. मग आम्ही भांडुप-कुर्ल्याचे खरे मेसेज दिले, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, रोमन लिपीत. पाणी तुंबल्याच्या तक्रारी थेट पाणीपुरवठ्यात! आता आमच्याच जुन्या मेसेजवरचे आकडे मागितलेत, तोवर करार थांबवलाय.